मदत हवी आहे: करंगळी बधिर होते, मनगटाला पट्टा बांधूनही फरक नाही

बोरूबहाद्दर: कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहितो. सीझनला रोज नऊ-दहा तास लॅपटॉपवर. दोन महिन्यांपासून डाव्या हाताची करंगळी आणि शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते. मेडिकलवाल्याने मनगटाचा पट्टा दिला. तीन आठवडे बांधला, काडीचा फरक नाही. टेबल शेठच्या वडिलांच्या काळातलं सागवानी, छातीशी येतं. ते बदला म्हणायची सोय नाही.

कीबोर्डवीर: कार्पल टनेल. मलाही होतं, पट्ट्यानेच बरं झालं. रात्री बांधून झोपा.

फिजिओताई: कीबोर्डवीर, पट्टा रात्री बांधायचा हे बरोबर, पण त्या आजारात अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधिरतात, करंगळी सुटते. करंगळीची नस कोपरामागच्या हाडाच्या खाचेतून जाते. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. बोरूबहाद्दर, फोन कोणत्या हातात असतो?

बोरूबहाद्दर: डाव्या! शेतकऱ्यांचे फोन सारखे चालू. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बोलतो, उजव्याने नोंदी. कडेचा वळही उठलाय.

फिजिओताई: मग चोर सापडल्यासारखं वाटतंय. कोपर दुमडलं की ती नस ताणली जाते, वरून कडेचा दाब. आधी इयरफोन घ्या. टेबल हलत नसेल तर आपण वर चढायचं: खुर्चीवर घट्ट गादी, खांदे सैल सोडून कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी. पाय लोंबले तर खाली खोकं. रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळा, म्हणजे झोपेत हात दुमडणार नाही. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसला, किंवा त्या दोघांत धरलेला कागद सहज निसटला, तर घरी बसू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन नसेची तपासणी करून घ्या.

पाठीराखा: आम्ही पन्नास किलोची गोणी उचलतो, आमचं कोण विचारतं? कंबरेचा पट्टा घेऊ का?

फिजिओताई: दादा, धागा वेगळा, पण विचारलंत ते बरं. पट्ट्याने कंबर वाचते असा भरवसा नाही. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबात सगळं सोयीचं असतानाही वजन 23 किलोपर्यंतच, तेही अंगालगत धरून. हात घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर पुढे गेले की मर्यादा निम्मी. गोणी जमिनीऐवजी कमरेएवढ्या फळीवर ठेवली आणि दोघांनी उचलली तर फरक पडेल. पट्ट्याच्या पैशात फळी येईल.

पाठीराखा: फळी येईल हो. दुसरा माणूस मुकादम देईल तेव्हा.

बोरूबहाद्दर: पंधरा दिवसांनी लिहितोय. रात्रीची जाग थांबली. कागद निसटत नाही. पण मान डावीकडे वळवली की करंगळीत अजून झिणझिणतं.

फिजिओताई: मग मानही दाखवा. तीच बोटं मानेतल्या नसेनेही बधिरतात, ते इथे बसून सांगता येणार नाही.