शब्दचर्चा: मेनूकार्डावर ‘रुचकर’, ‘झणझणीत’ लिहावं का?

मांडवीकाठ: पणजीतल्या एका खाणावळीच्या मराठी मेनूवरून हात फिरवतोय. हुमणाखाली असं छापलंय: ‘आमच्या खास पारंपरिक पद्धतीने बनवलेली ताज्या बांगड्याची अतिशय रुचकर, झणझणीत कढी’. शागोतीखालीही ‘रुचकर’ आणि ‘झणझणीत’ आहेच. काय ठेवू, काय काढू?

फोंडेकार: विशेषणं सरसकट उडवा. जिन्नस लिहिले की पुरे.

शब्दवेल्हाळ: सरसकट नको. ‘रुचकर’ कुठल्याही पदार्थाला चिकटतं, म्हणून ते जाऊ द्या. पण ‘ओलं’ आणि ‘भाजलेलं’ ही विशेषणं काढलीत, तर हुमण आणि शागोती दोन्हींखाली नुसतं ‘खोबऱ्याचं वाटण’ उरेल आणि गिऱ्हाईक विचारेल, मग फरक काय? क्रम एकच ठेवा: आधी मुख्य जिन्नस, मग वाटण, शेवटी जिभेला किंवा नाकाला काय जाणवतं ते.

हुमण: बांगडा, ओल्या खोबऱ्याचं वाटण, भिरंडसोलांचा आंबटपणा, तिरफळाची झिणझिणी

शागोती: कोंबडी, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, खसखशीचा दाटपणा, गरम मसाल्याचा वास

एक आठ शब्दांची, दुसरी नऊ. दहाच्या पुढे गेलं की अरुंद रकान्यात ओळ मोडते आणि किंमत कुठल्या पदार्थाची ते कळत नाही.

सासष्टीची सून: आमच्याकडे फळ्यावर खडूने रोजचं ताट लिहितात. तिथे कुठलं वर्णन! ‘शीत-हुमण, सुंगटां, सोलकढी’, संपलं.

शब्दवेल्हाळ: फळा वाचणाऱ्याला हुमण ठाऊक असतं. हे कार्ड पुण्या-नाशिकहून आलेल्यांच्याही हातात पडणार.

मांडवीकाठ: रवा फ्राय या साच्यात बसत नाही. वाटणच नाही.

शब्दवेल्हाळ: मग दुसऱ्या जागी कृती घाला: ‘बांगडा, रव्यात घोळवून तळलेला, बाहेरून कुरकुरीत’. रेशादला ‘बांगडा, पोटात लाल मिरची-व्हिनेगरचं वाटण, तव्यावर भाजलेला’. ओळ क्रियापदावर संपवू नका. एकीकडे ‘केलेली आहे’, दुसरीकडे ‘मिळेल’, तिसरीकडे नुसतं नाम असलं की कार्ड तिघांनी लिहिल्यासारखं दिसतं. पूर्णविराम एकतर सगळीकडे, नाहीतर कुठेच नाही. आणि लिंग तपासा. बांगड्याच्या जागी कोळंबी घातली की ‘तळलेला’चं ‘तळलेली’ व्हायला हवं. नकल-डकव करताना हेच हमखास निसटतं.

फोंडेकार: ‘ताज्या’ ठेवायला काय हरकत?

शब्दवेल्हाळ: 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. त्या दिवसांत बर्फातला बांगडा आला, तर छापील ‘ताज्या’ खोटं ठरतं. कार्ड वर्षभर तेच राहतं.

सासष्टीची सून: ‘झिणझिणी’ वाचून माणसं घाबरतील हो. ‘तिरफळाचा वास’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: वास येतोच, पण तिरफळ चावलं की जीभ बधिरते, हे आधी कळलेलं बरं. नाहीतर वाटी परत येते.

फोंडेकार: मग वेटरला सांगू दे ना. ओळीत ‘वास’च बरा.

मांडवीकाठ: दोन्ही मालकाला दाखवतो. भिरंडसोलांना मात्र तो ‘आमसुलं’ म्हणा म्हणतोय, पुणेकरांसाठी.