फ्लेक्समागचा वाडा: छायाचित्रात तो पुन्हा उभा करावा का?

पेठकरी: पुण्यात कसबा पेठेतील एका पाचखणी वाड्याचे छायाचित्र मी सकाळी समोरच्या पदपथावरून काढले आहे. पहिल्या मजल्याच्या सज्ज्याला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, नेत्यांच्या चेहऱ्यांनी भरलेला १२ बाय ८ फुटांचा फ्लेक्स बांबूंवर बांधलेला असून त्यामागे तिसरा व चौथा खण पूर्ण आणि दुसऱ्याची कड झाकली गेली आहे. पेठेतील जुन्या घरांच्या एका लहान प्रदर्शनासाठी हे चित्र मोठ्या आकारात छापायचे आहे. फ्लेक्स काढून मागचा दर्शनी भाग पुन्हा उभा करणे योग्य ठरेल का, आणि करायचे झाल्यास कसे करावे?

सरळमार्गी: यात अवघड असे काहीच नाही. वाडे समतोल बांधलेले असतात. पहिला आणि पाचवा खण मोकळा दिसत आहे, म्हणून डावी बाजू आरशाप्रमाणे उलटवून उजवीकडे बसवावी, मधल्या खणासाठी दुसऱ्याची नक्कल घ्यावी आणि कडा पुसट कराव्यात. दीड-दोन तासांचे काम आहे.

त्रस्त नागरिक: असे फ्लेक्स विनापरवानगी लावणे हा महाराष्ट्रात १९९५च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्या गल्लीत मी तीन वेळा लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे एक फलक उतरला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या जागी दुसरा आला. आपणही आधी तक्रार करावी, छायाचित्राचे नंतर पाहता येईल.

पेठकरी: आपला त्रास मी समजू शकतो. मात्र माझा प्रश्न काढून झालेल्या छायाचित्राविषयी आहे.

दस्तऐवज: माझा या कल्पनेला स्पष्ट विरोध आहे. प्रदर्शनात वाड्याचे चित्र पाहणारा माणूस ते वाड्याचा पुरावा म्हणूनच पाहील. वास्तुसंवर्धनाच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत असे तत्त्व मांडले आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. प्रत्यक्ष दगड-लाकडाला जो नियम लागू होतो तो त्याच्या चित्राला का नसावा? शिवाय आणखी ३० वर्षांनी त्या फ्लेक्सवरील चेहरे आणि पक्षचिन्हे पाहूनच कोणीतरी या छायाचित्राचे साल ठरवील. आज जे आपल्याला डोळ्यांत खुपते, तेच उद्या तारखेचे काम करणार आहे.

गजखिडकी: वास्तूंच्या छायाचित्रांवर मी बरीच वर्षे काम करतो, म्हणून योग्यायोग्यतेआधी थोडे हाताच्या कामाविषयी लिहितो.

सरळमार्गी यांची सूचना अर्धी बरोबर आहे. खण हे वाड्याचे माप आहे आणि एका खणावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो, हे खरेच. परंतु सकाळचे ऊन एका बाजूने येते. डावा खण उलटवला की त्यातील खांबाची सावली विरुद्ध दिशेला पडते आणि एकाच भिंतीवर दोन सूर्य उगवतात. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण भिंत खोटी आहे हे जाणवते. शिवाय दाराच्या वरचा मधला खण बहुधा इतरांपेक्षा रुंद असतो, त्यामुळे दुसऱ्याची नक्कल तिथे ओढूनताणूनच बसते.

अनेक जण सुचवतात की चार पावले बाजूला सरकून दुसरे छायाचित्र काढावे, म्हणजे फ्लेक्समागचे दिसेल. किती दिसेल ते आधी मोजावे. बाजूला सरकलेल्या अंतराला फ्लेक्स आणि भिंत यांतील अंतराने गुणावे आणि कॅमेरा ते फ्लेक्स या अंतराने भागावे. आपला फ्लेक्स भिंतीपासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे आणि कॅमेऱ्यापासून ८ मीटरवर आहे असे धरले, तर ४ मीटर सरकूनही भिंतीची जेमतेम २० सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे एखादी वीत, नव्याने दिसते. दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली तरी १२ फुटांपैकी जवळपास साडेदहा फूट झाकलेलेच राहतात. हाच फलक चौकातील खांबांवर, इमारतीपासून ३ मीटर पुढे आणि आपल्यापासून १२ मीटरवर असता, तर तेवढेच सरकून एक मीटर भिंत दिसली असती. तिथे चार-पाच ठिकाणांहून घेतलेली छायाचित्रे जोडून खरी भिंत मिळवता येते. आपल्या बाबतीत मिळणार नाही.

म्हणून नक्कल करावीच लागेल, पण न उलटवता. जिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये `Perspective` हे साधन `Corrective (Backward)` वर ठेवून आधी दर्शनी भाग सरळ करावा. पहिल्या आणि पाचव्या खणाची रुंदी मोजावी. ती जुळत नसेल तर एकतर चित्र नीट सरळ झालेले नाही किंवा खणच असमान आहेत, आणि दोन्ही प्रसंगी पुढे जाऊ नये. जुळत असेल तर पाचवा खण वेगळ्या स्तरावर चौथ्याच्या जागी सरकवावा आणि वळचणीच्या सावलीची उंची जुळवून घ्यावी. त्यानंतर खरे काम सुरू होते. पाचव्या खणात गिलाव्याचा पोपडा किंवा झडपेची मोडकी पट्टी असेल, तर तीच चौथ्यातही दिसू लागते, आणि मोठ्या छपाईत नक्कल नेमकी तिथेच पकडली जाते. भगव्या वा निळ्या फ्लेक्सवरून परतलेल्या उजेडाने शेजारच्या चुन्यावर रंगाची झाक उरते आणि खालच्या ओट्यावर फ्लेक्सची सावली राहते. फ्लेक्स गेला आणि सावली राहिली, असे छायाचित्र मी छापून आलेलेही पाहिले आहे.

दस्तऐवज: आपण पद्धत उत्तम सांगितली, पण तिने माझीच शंका बळावली. साडेदहा फूट भिंत आपण पाहिलेलीच नाही. जितके कौशल्य अधिक, तितके ते न पाहिलेले अधिक खरे वाटणार.

गजखिडकी: हे मला मान्य आहे. म्हणून असे चित्र मी दुरुस्त केलेले भाग दाखवणाऱ्या लहान रेखाचित्राशिवाय आणि मूळ छायाचित्राशिवाय कोणाला देत नाही. तरीही पुनर्रचना पूर्णपणे निषिद्ध आहे, असे मी म्हणणार नाही. वास्तुविशारद पडलेल्या भागाचे कल्पनाचित्र काढतातच. फरक इतकाच की रेखाचित्र स्वतःच आपण कल्पना असल्याचे सांगते, छायाचित्र सांगत नाही.

सांगलीकर: आमच्याकडे एका जुन्या पेढीच्या चित्रासाठी मी वेगळा मार्ग धरला. लोकसभा वा विधानसभेची निवडणूक जाहीर झाली की आचारसंहितेमुळे राजकीय फलक उतरवावे लागतात: सरकारी इमारतींवरून २४ तासांत, सार्वजनिक जागांवरून ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरील अनधिकृत फलक ७२ तासांत. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन मी पूर्ण इमारत टिपली. सुतळीची टोके आणि खिळे तेवढे पुसावे लागले. प्रदर्शनाला अवधी असेल तर वाट पाहावी.

त्रस्त नागरिक: आमच्या गल्लीत तेव्हा फलक उतरवले नाहीत, नुसते कागदाने झाकले.

पेठकरी: प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे वाट पाहणे शक्य नव्हते. गजखिडकी यांच्या पद्धतीने चौथा खण उभा केला. पाचव्याची गजांची खिडकी इतकी नीट बसली की मलाच समाधान वाटले. काल त्याची प्रत घेऊन वाड्यात गेलो. तिथल्या आजींनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "ही खिडकी कुठून आणलीत?" चौथ्या खणातील खिडकी त्यांच्या सासऱ्यांनीच विटांनी बुजवली होती. आत मोरी केली आणि भिंतीत एक लहान झरोका ठेवला. फ्लेक्समागे आज विटा आहेत.

सरळमार्गी: मग खिडकीच राहू द्यावी. वाडा मूळचा तसाच होता ना?

दस्तऐवज: मूळचा म्हणजे कोणत्या सालचा? बाकीचे चार खण आजचे, त्यांवरील वीजमीटर आजचे, आणि एकच खण सासऱ्यांच्या आधीचा?

गजखिडकी: झरोका नेमका किती उंचीवर आहे, हे आजींना विचारलेत का? सज्ज्यातून फ्लेक्सच्या मागे हात घालून मोबाइलने वाकडेतिकडे छायाचित्र घेता आले, तरी माप मिळेल.

पेठकरी: उद्या दुपारी बोलावले आहे. फ्लेक्स बांधणाऱ्या मुलांची त्या परवानगी काढणार आहेत. परवानगी का लागते, ते मी विचारले नाही.