प्रतिसाद: सगळे ठिपके वरच्याच चौकटींत

कामांचा परिणाम आणि लागणारी मेहनत दाखवणाऱ्या चार चौकटींच्या तक्त्याबद्दल हा प्रश्न आला:

> "आमच्या टीमला विचारलं की प्रत्येक काम 'जास्त परिणाम'वालंच. चारपैकी वरच्या दोनच चौकटी भरतात."

कारण तुम्ही 'जास्त की कमी' असं विचारताय. आपलं काम कमी परिणामाचं, असं कोण कबूल करेल? अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये 12 सुधारणांची स्लाइड करताना हेच झालं होतं. मग दोन्ही अक्षांना मोजमाप दिलं: आडवा अक्ष म्हणजे लागणारे माणूस-दिवस, उभा म्हणजे महिन्याला वाचणारे मशीनचे तास. दिवसांच्या क्रमाने लावल्यावर सहावं काम 5 दिवसांचं आणि सातवं 9 दिवसांचं निघालं, म्हणून उभी रेघ 7 वर मारली. तासांचंही तसंच केलं. आता दोन्ही रेघांच्या प्रत्येक बाजूला सहा-सहा कामं येणारच. डाय बदलण्याची ट्रॉली, जिच्यावर सगळ्यांचा जीव, ती 20 दिवसांमुळे उजवीकडे गेली. थोडी कुरकुर झाली, पण आकडा समोर होता.

एक मात्र आहे. ही विभागणी फक्त आपापसातली आहे. बाराही कामं फुटकळ असली तरी वरच्या चौकटी भरलेल्याच दिसतील. म्हणून तासांचे खरे आकडे अक्षावर लिहा.

मांडणीत ठिपक्याशेजारी कामाचं नाव लिहू नका, मराठी नावं लांब होऊन एकमेकांवर चढतात. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड 33.87 बाय 19.05 सेंमी असते. डावीकडे साधारण 14 सेंमीचा चौरस, ठिपक्यात नुसता क्रमांक, नावांची यादी उजवीकडे.