मदत हवी आहे: ‘प्रोप’ म्हणजे पहिला, मग कार्बन तीन कसे?

मालवणला दहावीच्या शिकवणीत ब्यूटेन, प्रोपेन अशी कार्बनी संयुगांची नावं शिकवताना चार कार्बनचं ‘ब्यूट’ सोपं गेलं. लोण्याला लॅटिनमध्ये ‘ब्यूटिरम’. खवट लोण्याचा वास ब्यूटिरिक आम्लाचा, त्यात कार्बन चार. तीन कार्बनच्या ‘प्रोप’ला मात्र एका मुलीने अडवलं. ग्रीक ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला, ‘पिऑन’ म्हणजे चरबी, मग कार्बन तीन कसे? मी सांगितलं, ‘प्रोप’ आलं प्रोपिओनिक आम्लावरून, आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ड्यूमा यांनी १८४७ मध्ये त्या आम्लाला हे नाव दिलं ते कार्बन मोजून नव्हे. फॉर्मिक, अ‍ॅसेटिक ही लहान आम्लं पाण्यातच राहतात. मीठ घातल्यावर तेलासारखा थर होऊन वर येणारं पहिलं आम्ल हे. आता तिला तो थर डोळ्यांनी बघायचाय. शाळेत कुणी हा प्रयोग केलाय का? पाणी, आम्ल, मीठ किती घेतलंत? वास उग्र असतो, खिडक्या उघडून भागलं का?