रँडम मॅक: घरच्या वाय-फायवर बंद असावे की चालू?

केळीबाग, रावेर: गोठ्यात कॅमेरा म्हणून लावलेल्या जुन्या अँड्रॉइड फोनसाठी मी राउटरमध्ये 192.168.0.50 हा आयपी राखून ठेवला होता. राउटर रीसेट करून वाय-फायला नवे नाव दिले, पुन्हा तोच आयपी राखला, तरी फोनला 192.168.0.107 मिळतो. त्याच दिवसापासून इंटरनेटही बंद आहे. केबलवाले म्हणतात, "मॅक बाइंड आहे, तो जुळत नाही." माझ्या मते रँडम मॅक घरात बंदच असावे.

तापीकाठ: पूर्ण सहमत. फोन रोज नवा मॅक घेतो, म्हणून आरक्षण आणि बाइंडिंग दोन्ही तुटतात. घरातल्या सगळ्या फोनवर ही सोय बंद करावी.

सातपुडा: तापीकाठ, रोज नवा मॅक हे आपल्या प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत बरोबर वाटत नाही. अँड्रॉइड १० पासून फोन सहसा प्रत्येक वाय-फायच्या नावासाठी एक वेगळा मॅक तयार करतो आणि त्या नावापुरता तोच वापरत राहतो. त्यामुळे नाव बदलले की मॅक बदलतो, आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झला वेगळी नावे दिली असतील, तर एकाच फोनचे दोन मॅक दिसतात. राउटरच्या यादीत मॅकचे दुसरे अक्षर 2, 6, A किंवा E असेल, उदाहरणार्थ `DA:…`, तर तो बहुधा असा बनवलेलाच असतो. कॅमेऱ्याच्या फोनवर फक्त या नेटवर्कसाठी `Use device MAC` निवडून त्या मॅकवर आरक्षण नव्याने करावे.

इंटरनेटचा प्रश्न मात्र वेगळा आहे. फोनला आयपी आपला राउटरच देतो आहे, म्हणजे केबलवाल्यांना फोनचा मॅक दिसतच नाही. त्यांना फक्त राउटरच्या वॅन पोर्टचा मॅक दिसतो. राउटर बसवताना कोणी `MAC Clone` वापरून फोनचा मॅक वॅनला दिला होता का? तसे असेल तर तो रीसेटमध्ये पुसला गेला आणि बाइंडिंग जुन्याच मॅकवर राहिले. राउटरच्या स्टेटस पानावरील वॅनचा मॅक त्यांना कळवून त्यावर बाइंड करून घ्यावे. खोक्यावरील मॅक देऊ नये, कारण तो कधीकधी लॅनचा असतो.

पांझरा, धुळे: माझा मुलगा हीच सोय वापरून रात्री दहाची बंदी चुकवतो. म्हणून मी बंदच्याच बाजूने आहे.

सातपुडा: दादा, तो स्विच त्याच्याच हातात आहे, त्यामुळे नुसते बंद करून भागणार नाही. यादीत नसलेल्या मॅकला राउटरनेच प्रवेश नाकारला पाहिजे. पाहुण्यांचे फोन मात्र दरवेळी यादीत घालावे लागतील.

भुसावळकर ताई: मला सगळ्या फोनवर बंद करणे पटत नाही. स्टेशनच्या वाय-फायवर मला माझा खरा मॅक द्यायचा नाही, आणि सेटिंग प्रत्येक नेटवर्कपुरते वेगळे असताना, एका कॅमेऱ्यासाठी घरातल्या सगळ्यांची सोय का काढायची?

केळीबाग, रावेर: स्टेटस पान पाहिले, वॅनचा मॅक केबलवाल्यांकडील नोंदीपेक्षा वेगळाच आहे आणि त्यांच्या नोंदीतील मॅकचे दुसरे अक्षर E आहे. नवा मॅक त्यांना कळवला आहे. तरीही घरातला प्रत्येक फोन राउटरच्या यादीत ओळखू यावा, असे मला अजूनही वाटते.