टायमरवर रिझल्ट वाचायचा का हँडशेकच पाहिजे?

वाळूज_लाईन३: बाटलीचं झाकण तपासणारा कॅमेरा आहे, लाईन ३० मीटर पर मिनिट, दोन बाटल्यांत १०० एमएम, म्हणजे दर २०० मिलीसेकंदाला एक बाटली. सेन्सर लागला की पीएलसी ट्रिगर देतो, १२० मिलीसेकंदाचा टायमर संपला की ओके बिट वाचतो, रिजेक्टचा सिलिंडर ६०० एमएम पुढं. मस्त चाललं होतं, पण कॅमेऱ्यात तारीख वाचायचं काम वाढवलं तवापासून मधूनच तिरपं झाकण पास व्हायलंय. व्हेंडर म्हणतो पूर्ण हँडशेक टाका. माझं मत, टायमर १८० करा, विषय संपला. बोला.

शेंद्रा_मेंटेनन्स: १८० करा बिनधास्त. चालू लाईनचा प्रोग्राम काहून उघडता. आमचा रिजेक्टसुद्धा टायमरवरच आहे, १.२ सेकंदाला सिलिंडर मारतो, बरोबर चालतंय.

जुना_पीएलसीवाला: नका करू. कॅमेरा नवा निकाल लिहीपर्यंत आधीच्या बाटलीचा ओके बिट तसाच उभा असतो, आणि तुमचा टायमर तोच वाचतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तपासणीचा वेळ बघा, सरासरी नको, मॅक्सिमम. तारीख पुसट छापली की कॅमेरा परत परत वाचायला बघतो, समजा एका बाटलीला २३० लागले. १८० ला तुम्ही वाचला तो मागच्या बाटलीचा निकाल. २०० ला पुढची बाटली आली तेव्हा कॅमेरा बिझी, म्हणजे तिचा फोटोच निघाला नाही, आणि तिच्या टायमरला जो बिट मिळाला तो पहिलीचा. एका अडखळण्यात दोन बाटल्या चुकल्या आणि अलार्म एकही नाही. हे टायमर वाढवून कसं जाईल?

जालना_ऑटोमेशन: आमच्याकडं वेगळंच, खराब बाटली सुटते आणि शेजारची चांगली उडते. हवेचं प्रेशर बघितलं, ६ बार आहे, सिलिंडर बदलला, तरी तेच.

जुना_पीएलसीवाला: दादा, कायम पुढचीच उडते का कधी पुढची कधी मागची? निकाल रांगेत टाकत असाल आणि एक ट्रिगर हुकला, तर पीएलसीकडं बाटल्या तीन आणि निकाल दोन, मग तिसरीचा निकाल दुसरीला चिकटतो आणि लाईन रिसेट होईपर्यंत सगळंच एकानं सरकतं. ट्रिगरचा काउंटर आणि निकालाचा काउंटर शेजारी शेजारी लावा, फरक पडला की तेच. कधी पुढं कधी मागं असेल तर मग हवा, व्हॉल्व्ह बघा.

शेंद्रा_मेंटेनन्स: हँडशेकलाही वेळ लागतो की. व्हॅलिड आला, पीएलसीनं ॲक दिला, कॅमेऱ्यानं व्हॅलिड पाडला, मग ॲक पाडला, नेटवर्कवर प्रत्येकाला १०-२० मिलीसेकंद धरा. फास्ट लाईनला हे बसत नाही.

जुना_पीएलसीवाला: मुद्दा खरा आहे, हिशोब करूनच टाकावा. पण चारही मिळून ८० धरले तरी २०० च्या आत बसतंय, आणि सिलिंडरपर्यंत जायला बाटलीला १.२ सेकंद आहेत, निकाल तेवढ्यात आला म्हणजे झालं. तुमच्या त्या १.२ च्या टायमरचं सांगतो, लाईन मध्येच थांबली तर मधल्या सहा बाटल्या जागेवर उभ्या आणि टायमर पळतच राहतो. एन्कोडरच्या काउंटवर सरकवा, थांबल्यावर तोही थांबतो. आणि ट्रिगर पीएलसीतून देऊ नका, सेन्सरची वायर सरळ कॅमेऱ्यात, कारण स्कॅन २० मिलीसेकंद असला तर बाटली फोटोत १० एमएम इकडंतिकडं येते.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: बाटली दिसली की तिच्या खान्यात आधी रिजेक्ट लिहा. व्हॅलिड आला, सोबत आलेला नंबर त्याच बाटलीचा निघाला आणि ओके असेल, तरच तो खोडा. नंबर जुळला नाही किंवा निकालच आला नाही तर बाटली बाहेर.

वाळूज_लाईन३: मॅक्सिमम बघितला, २४० दाखवतोय, म्हणजे १८० चा हट्ट सोडतो. पण निकाल नाही म्हणून चांगली बाटली बाहेर गेली की प्रॉडक्शनवाले आमच्याच नावानं ओरडणार, ते कोण ऐकणार?

जुना_पीएलसीवाला: त्याचा काउंटर वेगळा ठेवा, "निकाल नाही" म्हणून, खराब झाकणात मिसळू नका. तो वाढला की प्रिंटरवाल्याला दाखवा, पुसट तारीख त्याची आहे. आणि लागोपाठ तीन आल्या तर लाईन थांबवा.

शेंद्रा_मेंटेनन्स: लाईन थांबवायचं मला पटत नाही, रिजेक्ट ट्रेमधल्या बाटल्या हातानं तपासता येतात. आणि सेन्सर सरळ कॅमेऱ्यात गेला तर बाटलीचा नंबर कॅमेऱ्याला देणार कोण?

जुना_पीएलसीवाला: पीएलसीच. आधीचा फोटो निघाला की लगेच पुढचा नंबर कॅमेऱ्याला लिहून ठेवायचा, बाटली यायच्या आत. तुमच्या कॅमेऱ्यात ती सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, सगळ्यांत नसते.