मदत हवी आहे: शीटमधला पुढच्या तिमाहीचा महसूल दरवेळी जास्तच येतो

घाईत_आहे
उद्या दुपारपर्यंत पुढच्या तिमाहीच्या महसुलाचा अंदाज द्यायचा आहे आणि माझ्या शीटवर माझाच भरवसा उरलेला नाही. सबस्क्रिप्शनचा धंदा. चर्न, म्हणजे दर महिन्याला सोडून जाणारे, ३ टक्के; महिन्याला १०० नवे साइनअप, २० अपग्रेड. मागच्या दोन्ही तिमाहींत शीटचा आकडा प्रत्यक्षापेक्षा साधारण ६ टक्क्यांनी जास्त निघाला. एकदा जास्त, एकदा कमी असं असतं तर मी गप्प बसलो असतो. फॉर्म्युला:

```
B6: =B2*(1-B3)+B4*500+B5*900
C2: =B6
```

B2 म्हणजे महिन्याच्या सुरुवातीचा एमआरआर, म्हणजे सबस्क्रिप्शनमधून दरमहा येणारा महसूल, आत्ता १०,७०,०००. B3 चर्न, B4 साइनअप, B5 अपग्रेड. B6, C6, D6 ची बेरीज ३४,२१,००० येते. कुठे चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

सरळरेषा
एवढा खटाटोप कशाला? मागच्या १२ महिन्यांचा महसूल एका कॉलममध्ये टाका, महिन्यांचे क्रमांक शेजारी, आणि FORECAST.LINEAR लावा. दोन मिनिटांचं काम. मी तीन वर्षं हेच करतोय.

घाईत_आहे
@सरळरेषा साइनअप १० ने वाढले तर काय, चर्न अर्ध्या टक्क्याने घटला तर काय, हे मला हमखास विचारतात. तुमची रेघ त्यावर काही बोलत नाही.

ताळेबंद
तीन प्रश्न. अपग्रेड करणारा ५०० च्या प्लॅनवरून ९०० च्या प्लॅनवर जातो ना? मग B5*900 का? दुसरं, B6 हा महिनाअखेरचा एमआरआर आहे, त्याची बेरीज महसूल म्हणून का देता? तिसरं, कोणत्या प्लॅनवर किती ग्राहक आहेत ते सांगा.

घाईत_आहे
५०० वाले १२००, ९०० वाले ३००. अपग्रेडचं लक्षात आलं, ४०० च वाढायला हवेत. पण २० जणांमुळे ६ टक्के फरक कसा पडेल?

ताळेबंद
एकट्या त्याने नाही पडणार. पण १२०० गुणिले ५०० म्हणजे ६ लाख, ३०० गुणिले ९०० म्हणजे २ लाख ७० हजार. झाले ८,७०,०००. तुम्ही लिहिलेत १०,७०,०००. वरचे २ लाख कुठले?

घाईत_आहे
अरे हो, वार्षिकवाले राहिले. ५०० जण. ते ४८०० एकदम भरतात, मी १२ ने भागून महिन्याला ४०० धरतो. ते बरोबरच आहे ना?

रोखठोक
बरोबर कसं? पैसे ज्या महिन्यात आले त्या महिन्याचे. ४८०० आले तर ४८०० लिहा. १२ ने भागून मनाची समजूत घालण्यात काय अर्थ? पगार काय बाराव्या भागातून होतात?

ताळेबंद
@रोखठोक पगाराला पैसे पुरतील का, हे बघायचं असेल तर तुमचंच बरोबर, आणि ती शीट वेगळी ठेवावी. पण महसूल सेवा दिली त्या काळाचा धरतात. वर्षाचे पैसे आज आले तरी उरलेल्या अकरा महिन्यांची सेवा देणं बाकी असतं. धागाकर्त्याला महसूल विचारलाय, बँकेतली शिल्लक नाही.

रोखठोक
विचारलंय कोणी आणि कशासाठी, ते तरी माहीत आहे का? अर्ध्या वेळा "महसूल" म्हणणाऱ्याला खात्यात येणारी रक्कमच हवी असते.

ताळेबंद
हे मान्य. @घाईत_आहे, आकडा मागणाऱ्याला आधी तेवढं विचारून घ्या. मी महसूल धरून पुढे जाते.

महिनाअखेरच्या एमआरआरची बेरीज केली की १० तारखेला आलेला आणि २८ तारखेला आलेला, दोघेही १ तारखेपासून पूर्ण पैसे देत होते असं होतं. साइनअप महिनाभर सारखे येत असतील तर सुरुवात आणि अखेर यांची सरासरी हा त्या महिन्याचा महसूल म्हणून पुरेसा जवळ जातो. तुमचेच आकडे घेऊन अपग्रेडला ४०० लावले आणि सरासरी घेतली, तर तिमाही ३४,२१,००० वरून ३३,२४,६०० वर येते. हा फरक ३ टक्क्यांच्या आसपास. उरलेला अजून सापडलेला नाही. ते १०० साइनअप नेमके कोण?

कार्डवाला
आमच्याकडे वेगळाच घोळ होता. कार्डाची मुदत संपली की पैसे अडकायचे, सिस्टिम ग्राहकाला "गेला" म्हणायची. आठवड्याने त्याने नवं कार्ड टाकलं की तोच माणूस "नवा" म्हणून मोजला जायचा. चर्नही फुगलेला, साइनअपही फुगलेले. तुमच्याकडे पैसे अडकल्यावर किती दिवस वाट बघता?

घाईत_आहे
@कार्डवाला १० दिवस थांबतो, मगच गेला म्हणतो. तो त्रास नाही.
@ताळेबंद १०० म्हणजे १४ दिवसांचा ट्रायल सुरू करणारे. त्यातले साठेक पुढे पैसे भरतात, सगळे ५०० वाल्या प्लॅनवर. हे उघड आहे असं वाटलं म्हणून लिहिलं नाही.

ताळेबंद
मग चोर सापडला. B4 मध्ये १०० ऐवजी ६० टाका. तिमाही ३२,३६,१०० वर येते. म्हणजे तुमची जुनी पद्धत याच्यापेक्षा ५.७ टक्के जास्त दाखवते, आणि तुमचा दर तिमाहीचा फरकही तेवढाच आहे. मागच्या दोन तिमाहींचे आकडे याच फॉर्म्युल्यात घालून बघा. तिथेही फरक मिटला तरच कारण हेच होतं असं म्हणा.

```
B6: =B2*(1-B3)+B4*500+B5*(900-500)
C2: =B6
B7: =AVERAGE(B2,B6)
```

महसूल म्हणून आता B7, C7, D7 ची बेरीज द्यायची. B4 मध्ये त्या महिन्यात प्रत्यक्ष पैसे भरू लागलेलेच मोजा. २० तारखेला ट्रायल सुरू केलेला पुढच्या महिन्यात मोडतो.

घाईत_आहे
घालून बघितलं. एका तिमाहीत फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, दुसरीत १ टक्का. धन्यवाद! धागा बंद करायला हरकत नाही.

ताळेबंद
थांबा. चर्नचे ते ३ टक्के कसे काढलेत?

घाईत_आहे
महिन्याला ६० जण जातात, एकूण २०००.

ताळेबंद
त्या ६० मध्ये वार्षिकवाले किती?

घाईत_आहे
एकही नाही. वार्षिक योजना गेल्या वर्षीच पहिल्यांदा आणली, अजून कोणाचं वर्ष भरलेलं नाही.

हप्ताहप्ता
महिन्याला ३ म्हणजे तिमाहीला ९ टक्के, सरळ ९ वजा करा की. तीन कॉलम कशाला?

कोहॉर्टताई
@हप्ताहप्ता ९ नाही, ८.७. दुसऱ्या महिन्याचे ३ टक्के उरलेल्यांतून जातात. आणि धागाकर्ते महिन्यागणिकच मोजताहेत, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मुळात एकच चर्न लावणं हीच चूक आहे. नवे ग्राहक पहिल्या दोनतीन महिन्यांत भराभर जातात, टिकलेले क्वचित जातात. कोणत्या महिन्यात आलेल्यांपैकी किती उरले याचा तक्ता करा. बाकी सगळी ठिगळं आहेत.

ताळेबंद
@कोहॉर्टताई, तक्ता चांगलाच. पण महिन्याला साठ नवे, त्यांना महिन्यागणिक फोडलं की एकेका घरात जाणारी चार-पाचच माणसं येतात. त्या टक्क्यांवर मी पैज लावणार नाही. नव्यांचा ओघ सारखा आहे तोवर सरासरी चर्न निभावून नेतो.

कोहॉर्टताई
आणि जाहिरात वाढवून साइनअप दुप्पट केले त्या तिमाहीत? तेव्हा सरासरी तोंडावर आपटते. आमची आपटली होती.

ताळेबंद
तेव्हा आपटेल, खरं आहे. उद्या दुपारपर्यंत मात्र वार्षिकवाल्यांचा प्रश्न मोठा आहे. @घाईत_आहे, पुढच्या तिमाहीत किती जणांचं वर्ष भरतंय?

घाईत_आहे
बघून सांगतो… २६०. सगळे दुसऱ्या महिन्यात. गेल्या वर्षी तेव्हा सवलत ठेवली होती.

ताळेबंद
आजवर तुमचे ३ टक्के योगायोगाने चालत होते. जाणारे ६० महिनेवारी १५०० मधले, म्हणजे खरा दर ४ टक्के. पण बहुतेक ५०० वाले जात असणार. समजा ५५ जण ५०० चे आणि ५ जण ९०० चे, तर ३२,००० जातात. ८,७०,००० च्या ते ३.७ टक्के. तुम्ही १०,७०,००० वर ३ टक्के लावून ३२,१०० वजा करत होतात. छेद चुकीचा, उत्तर जवळपास तेच. म्हणून मागच्या तिमाहींत हे दिसलं नाही. या वेळी दिसेल, कारण पहिल्यांदाच वार्षिकवाल्यांना जायची संधी मिळतेय.

आता दोन ओळी वेगळ्या करा. महिनेवारीची सुरुवात ८,७०,००० पासून, चर्न ३.७ टक्के, बाकी फॉर्म्युला तोच. तिचे तिमाहीत २६,३५,६०० येतात. वार्षिक ओळीला मासिक चर्न लावायचाच नाही, तिथे फक्त वर्ष भरलेल्यांपैकी किती थांबतात ते धरायचं. समजा ७० टक्के थांबले, ७८ गेले. दुसऱ्या महिनाअखेरीला २,००,००० चे १,६८,८०० होतात, आणि सरासरी धरून तिमाहीत ५,५३,२०० मिळतात. दोन्ही मिळून ३१,८८,८००.

तिमाहीच्या बेरजेपेक्षा शेवटच्या महिन्याची अखेर बघा: १०,५५,६००. आजच्या १०,७०,००० पेक्षा कमी. जुन्या शीटमध्ये तिथे ११,७४,५०० होते, म्हणजे ती वाढ दाखवत होती.

घाईत_आहे
आई गं. पण ७० टक्के कशावरून? आमच्याकडे आधीचा अनुभवच नाही.

ताळेबंद
कशावरूनच नाही, माझा अंदाज. म्हणून तो आकडा फॉर्म्युल्यात गाडू नका, वेगळ्या सेलमध्ये ठेवा. दर १० टक्क्यांमागे २६ माणसं, म्हणजे महिन्याला १०,४०० आणि या तिमाहीत १५,६०० चा फरक. ५०, ७० आणि ८५ टक्के असे तीन आकडे घेऊन जा. सवलत महिन्यात कधी होती?

घाईत_आहे
शेवटच्या आठवड्यात.

ताळेबंद
मग दुसऱ्या महिन्यात वार्षिक ओळीची सरासरी घेऊ नका, ते लोक जवळजवळ महिनाभर असणारच. त्या महिन्याला २ लाखांच्या जवळचा आकडा लिहा, तिमाही पंधरा हजारांपर्यंत वर जाईल. तिसऱ्या महिन्याची अखेर मात्र बदलत नाही.

रोखठोक
आणि त्याच आठवड्यात १८२ जणांचे ४८०० प्रमाणे ८,७३,६०० खात्यात येतील. माझी शीट बघणारा खूश होईल बघा.

कार्डवाला
त्या २६० मध्ये वर्षभरात मुदत संपलेली कार्डं बरीच असणार. आत्ताच यादी काढून मेल पाठवा. ७० टक्क्यांवर वाद घालण्यापेक्षा तेवढं तरी हातात आहे.

सरळरेषा
माझ्या पद्धतीत यातलं काहीच करावं लागलं नसतं.

कोहॉर्टताई
आणि यातलं काहीच कळलंही नसतं. @घाईत_आहे, ९०० वरून ५०० वर उतरणारे कुठे धरलेत? ते जात नाहीत म्हणून चर्नमध्ये येत नाहीत, पण प्रत्येकामागे ४०० कमी होतात.

घाईत_आहे
ते मोजतच नाही आम्ही. सिस्टिममध्ये "प्लॅन बदल" एवढंच दिसतं, वर की खाली ते नाही. म्हणजे ते २० अपग्रेडसुद्धा सगळे अपग्रेड आहेत का, आता तेच बघायला घेतोय.